एक टाळी मागे

उल्हासनगरच्या कॅम्प तीनमध्ये आमचा स्टुडिओ आहे, असं हेमंत लोकांना सांगतो. स्टुडिओ म्हणजे जीन्स शिवायच्या कारखान्यावरची एक खोली. त्यात एक कॉम्प्युटर, दोन स्पीकर, एक खुर्ची आणि एक खाट. हेमंत शूटिंग करतो आणि मी, शलाका, एडिटिंग करते. तो माझा नवरा आहे, त्यामुळे त्याच्या चुका निस्तरणं हे माझं दुहेरी काम आहे. एक पगारी, एक बिनपगारी.

हेमंत कॅमेरा चांगला चालवतो. फोकस, उजेड, फ्रेम, सगळं झकास. पण आवाज म्हटलं की त्याचा मामला रामभरोसे. मी त्याला नेहमी सांगते, "बाबा, आवाज वेगळा रेकॉर्ड करतोस तर कॅमेऱ्यासमोर एकदा कडक टाळी वाजव." कारण अगदी साधं आहे. कॅमेऱ्यात तळवे एकमेकांना टेकलेले दिसतात. रेकॉर्डरमध्ये त्याच क्षणी टाळीचा आवाज असतो, आणि कॉम्प्युटरवर तो आवाज सुईसारखा उभा दिसतो. टेकलेल्या तळव्यांची फ्रेम आणि ती सुई एकाखाली एक ठेवली की झालं. पुढचं सगळं गाणं ओठांवर बसतं.

तसं रोज एवढंही करावं लागत नाही. कॅमेऱ्याचा स्वतःचा एक बारीक माइक असतो. त्याचा आवाज भिकार असतो, पण चढ-उतार तेच असतात. त्याची लाट आणि रेकॉर्डरची लाट कॉम्प्युटर आपणच ताडून बघतो आणि जुळवून देतो. मी तेवढ्यात चहा ठेवून येते.

त्या दिवशी मात्र चहा राहिला.

काम घरचंच होतं. कौसामावशी म्हणजे बदलापूरला कुळगावात माझ्या आईच्या शेजारच्या. गौरीची गाणी, फेराची गाणी, हळदीची गाणी, सगळी त्यांच्या तोंडात. कुळगावात असं एक लग्न झालं नसेल, ज्याची हळद त्यांच्या गाण्याशिवाय उतरली. त्यांच्या बायकांच्या गटाने गेल्या वर्षी एका पारंपरिक गाण्यांच्या स्पर्धेला व्हिडिओ पाठवला होता. कुणा भाच्याने मोबाइलवर काढला आणि आवाज दुसऱ्या मोबाइलवरून आणून वर चिकटवला. तोंड एकीकडे, सूर दुसरीकडे. परीक्षकांनी तो बाद केला आणि वर शेरा मारला, की प्लेबॅक चालणार नाही, गायिका फक्त ओठ हलवत आहेत.

हा शेरा गावभर झाला. मावशींनी तो मनाला इतका लावून घेतला की नंतर दोन हळदींना त्या गायल्याच नाहीत. मला म्हणाल्या, "शलाका, अख्खा जन्म गायले गो मी. आणि आता म्हणं, मी नुसतं तोंड हलवते. माझा नंबर नाय आला तरी चालंल. पण हा आवाज माझा हाय, हे त्यांना दिसलं पायजे."

यंदा म्हणून त्यांनी काम आमच्याकडे दिलं. मी छातीवर हात मारून सांगितलं, "मावशी, ओठाला सूर जुळवून देते. बघाच."

शूटिंग मावशींच्या अंगणात झालं. मध्ये तुळशीजवळ मावशी उभ्या, भोवती बायकांचा फेर. प्रत्येक ठेक्याला सगळ्यांची टाळी. रस्त्याचा गोंगाट होता म्हणून मावशींच्या पायाशी, तुळशीच्या आड, रेकॉर्डरला जोडलेला चांगला माइक ठेवला होता. रेकॉर्डरवर होता राजू. राजू हा हळदीला डीजे वाजवणारा आमचा दोस्त. पाच गावांचे कान बधिर करायची त्याची ताकद, पण एका बाईचा आवाज नीट पकडायचं काम त्याने याआधी कधी केलं नव्हतं. मी गेले नव्हते. कॅम्पातल्या एका रिसेप्शनचं काम उरकत बसले होते. तीच माझी चूक झाली, असं मी हेमंतला सांगते. म्हणजे चूक त्याचीच, हे त्याला कळतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाइली उघडल्या. कॅमेऱ्याच्या आवाजाची पट्टी सपाट. एक खड्डा नाही, एक चढाव नाही, झोपलेली सरळ रेघ.

"हेमंत, हे काय आहे?"

"काय?"

"कॅमेऱ्याला आवाजच नाहीये."

त्याने कॅमेरा उचलून बघितला आणि चेहरा पडला. कॉर्डलेस माइकचा रिसीव्हर कॅमेऱ्यालाच लावलेला राहिला होता आणि त्याचा माइक बॅगेत बंद. बाहेरचं काही खोचलं की कॅमेरा स्वतःचा कान बंद करतो. त्यामुळे कॅमेऱ्याने अख्खं गाणं बहिऱ्यासारखं नुसतं बघितलं होतं.

"पण टाळी मारलीय मी," हेमंत घाईघाईने म्हणाला. "लेन्सच्या समोर. बघ ना, बघ तरी."

बघितलं. खरंच मारली होती. हेमंतचे दोन तळवे फ्रेममध्ये आले, टेकले आणि बाहेर गेले. ते बाहेर जातात न जातात तोच बायकांनी टाळी दिली आणि गाणं सुरू. मी हसले. आमच्याकडे फेरात पुढारीण एक टाळी देते आणि तिच्या ठेक्यावर बाकीच्या उचलतात. मावशींनी दिली काय आणि हेमंतने दिली काय, टाळीला टाळी द्यायची एवढंच त्या बायकांना ठाऊक. याची टाळी त्यांनी गाण्यातच जमा करून टाकली होती.

रेकॉर्डरची लाट बघितली. फाइलच्या अगदी सुरुवातीला एक उंच उभी रेघ, मग ठरावीक अंतराने दुसरी, तिसरी. पहिली रेघ मी हेमंतच्या तळव्यांखाली आणली. एक-दोन फ्रेमचा फरक वाटला, तो सरकवला. मग गाणं लावलं. बायकांच्या टाळ्या अशा बसल्या की विचारू नका! प्रत्येक तळव्याला आवाज, एकही इकडेतिकडे नाही. शेवटही तपासला. शेवटी अंगणातल्या शेजारणींनीच खुशीत टाळ्यांचा कडकडाट सुरू केला होता, त्यात काही वेगळं कळायला वाव नव्हता.

"टाळी बसली की सगळं बसतं," मी हेमंतला ऐकवलं. "शिक काहीतरी."

व्हिडिओ संध्याकाळच्या आत पाठवायचा होता. पण मावशींना आधी बघायचा होता, स्वतःच्या डोळ्यांनी. एकदा दुधाने तोंड पोळलेलं. त्या दुपारी आल्या, स्टेशनवरून शेअर रिक्षाने, नवी साडी नेसून. सोबत महिपतीकाका.

काका म्हणजे मावशींचे यजमान. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी यंत्रमागावर काढली आणि त्या खडखडाटाने त्यांचे कान हळूहळू गेले. आता काहीच ऐकू येत नाही. कानाचं मशीन लावून बघितलं, पण त्याने डोकं दुखतं म्हणून त्यांनी ते कपाटात ठेवलं. बोलतात मात्र मोठ्याने, एका सुरात, माग अजून चालू असल्यासारखे. मावशी त्यांच्याशी समोर बसून सावकाश बोलतात आणि त्यांना बरोबर कळतं. दुसऱ्या कुणाचं कळत नाही, किंवा ते तसं दाखवतात.

"काय शलाका!" दारातूनच काका ओरडले. खालच्या कारखान्यातल्या शिलाई मशीनवाल्यांनीसुद्धा वर बघितलं असेल. "हिला हिरोइन केलीस का नाय?"

"केली, काका," मी मान डोलावली.

मावशींना खुर्ची दिली. काकांना खाटेवरून दिसेना म्हणून ते थेट स्क्रीनला नाक लावून उभे राहिले. मी व्हिडिओ लावला.

फेर फिरू लागला. मावशींची बोटं मांडीवर ठेका धरत होती. स्पीकरमधून त्यांचा आवाज आला, जाड, खणखणीत, कुठेही न थरथरणारा.

"पिवल्या पाटावर बसली माझी बाय गो,
पैंजनाचा साज तिच्या पायी गो..."

"हिचं तोंड दिसं ना!" काका म्हणाले. "बाया मधी येतात. मोठी कर हिला."

मी चित्र मोठं केलं. फेर कडेने निघून गेला आणि पडद्यावर मावशींचा चेहरा उरला. काका खूश झाले. आणि मग ते आपल्या त्या एकसुरी आवाजात मोठ्याने म्हणू लागले.

स्पीकरमधून मावशी म्हणायच्या, "पिवल्या पाटावर," आणि काका मागून, "पिवल्या पाटावर." मावशी, "बसली माझी बाय गो," आणि मागून काका, "बसली माझी बाय गो."

हेमंतला हसू आवरेना. "काका बघ, कोरस देतायत. मावशीच्या मागे मागे, एकदम बरोब्बर एक टाळी सोडून."

"घरी पण असेच मागे मागे असतात," मावशी लाजून म्हणाल्या.

मी पण हसले. छान चाललं होतं. मावशी पुढे, काका मागे. आणि हसता हसता मी काकांच्या कानांकडे बघितलं.

"हेमंत," मी म्हणाले, "काका मावशीच्या मागून कसं म्हणतील? त्यांना ऐकू कुठे येतंय?"

हेमंतचं हसू थांबलं. काका मात्र चालूच. स्पीकर पुढे, काका एक टाळी मागे. ते स्पीकरच्या मागून म्हणतच नव्हते. त्यांच्या लेखी खोलीत स्पीकर नव्हताच. ते मावशींच्या ओठांवरून म्हणत होते, ओठांच्या बरोबरीने. म्हणजे काका ठरल्या जागी होते आणि माझा आवाज एक टाळी पुढे पळाला होता.

मी झटकन थांबवलं. एकेक फ्रेम पुढे नेली. स्पीकरमधून 'पिवल्या'चा 'पि' फुटला, आणि पडद्यावर मावशींचे ओठ अजून उघडेच. 'प' म्हणायला ओठ मिटावे लागतात, ते मिटल्याशिवाय 'प' होतच नाही. ओठ मिटले ते पुढच्या टाळीला.

टाळ्या सगळ्या बसल्या होत्या, फक्त एकमेकींच्या जागेवर. दुसरीचा आवाज पहिलीला, तिसरीचा दुसरीला. बायकांच्या टाळ्या इतक्या एकसारख्या अंतराच्या होत्या की एक घर सरकलं तरी डोळ्याला काही वाटत नव्हतं. आणि मी हात बघत बसले होते. तोंड बघितलंच नव्हतं. गेल्या वर्षीच्या भाच्याने केलं, तेच मी महागड्या मशीनवर करून ठेवलं होतं.

"काय झालं गो?" मावशींनी विचारलं. त्यांचा चेहरा उतरला होता. "आवाज परत तोंडापासून वायला झाला काय? मला सांग. मग नको पाठवायला. अजून एकदा कोणी तसं बोललं ना, तं मी गाणं सोडून देन."

"थांबा मावशी, एक मिनिट," मी म्हणाले आणि लाट मोठी केली.

आता नीट बघितलं. एका माणसाची टाळी ही एकच बारीक सुई दिसते. मी जिला हेमंतची टाळी समजत होते ती सुई नव्हतीच. जाड जुडगा होता, झाडूच्या काड्या उभ्या धरल्यासारखा. डझनभर बायकांचे हात, कुणाचा जरा आधी, कुणाचा जरा नंतर. ती बायकांची पहिली टाळी होती. मग हेमंतची कुठे होती? त्याआधी फाइलच नव्हती.

राजूला फोन लावला, स्पीकरवर.

"राजू, तू रेकॉर्डिंग कधी चालू केलंस?"

"टाळी वाजल्यावर," राजू अभिमानाने म्हणाला. "बोट बटणावर ठेवून तयारच होतो. हेमंतने टाळी मारली रे मारली की मी दाबलं. एक सेकंद पण लेट नाय केला. क्यूं, मस्त आला ना आवाज?"

"अरे गाढवा, टाळी रेकॉर्ड करायची असते!"

"टाळी कशाला रेकॉर्ड करायची?" राजूला खरंच कळेना. "टाळी म्हणजे स्टार्ट ना? हळदीला नवरदेवाचा मामा टाळी वाजवतो, मी गाणं सोडतो. आपला तो सिग्नल आहे."

टाळी ऐकून बायकांनी गाणं सुरू केलं आणि टाळी ऐकून राजूने मशीन सुरू केलं. ज्या टाळीसाठी मी रोज डोकेफोड करते, ती नेमकी कुणीच पकडली नव्हती. मी फोन ठेवला आणि हेमंतकडे बघितलं. तो खिडकीतून खालची रिक्षा बघत होता, जणू ती त्याच्या मामाची आहे.

पण आता काम सोपं होतं. आवाजाची पट्टी धरली, आणि तो जुडगा हेमंतच्या तळव्यांखालून काढून बायकांच्या पहिल्या टाळीखाली नेला. एका फ्रेममध्ये हात अजून लांब होते, पुढच्या फ्रेममध्ये टेकलेले. तिथेच बसवला. मग मावशींचे ओठ मिटतात ती फ्रेम शोधली आणि 'पिवल्या'चा 'पि' तिथेच फुटतो का ते बघितलं. फुटला. 'पैंजनाचा' बघितला, तोही. मधलं एक 'माझी', आणि पार शेवटचं एक 'बाय', कारण लांब गाण्यात कॅमेरा आणि रेकॉर्डर यांची घड्याळं थोडी थोडी फारकत घेतात. इथे गाणं छोटं होतं. शेवटचं 'बाय'सुद्धा जागेवर होतं.

तरी माझं समाधान होईना. मी एकदा तोंडावर पडले होते. मला काका हवे होते.

मी मावशींना म्हटलं, "काकांना सांगा, परत म्हणा."

मावशी काकांच्या समोर गेल्या आणि सावकाश म्हणाल्या, "परत म्हना."

"काय म्हनू?" काका ओरडले.

"मगाशी म्हनत होता तेच."

काका जरा बुजले. आपण मोठ्याने म्हणत होतो हे त्यांना माहीतच नव्हतं. मी गाणं पहिल्यापासून लावलं. मावशींचा चेहरा पडद्यावर आला, आणि काकांना राहवलं नाही.

"पिवल्या पाटावर बसली माझी बाय गो..."

स्पीकर आणि काका एकदम! एका अक्षराचा फरक नाही. तिकडे खणखणीत सूर, इकडे बेसूर ओरडा, पण 'पि'ला 'पि' आणि 'बा'ला 'बा'. पडद्यावर ओठ मिटले की दोन्ही आवाज मिळून फुटत होते. हेमंतने उडीच मारली. मी टेबलावर हात आपटून आपटून हसत होते आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. मला इतका आनंद कुठल्याही लग्नाच्या कामात झाला नव्हता. खालच्या कारखान्यातून कुणीतरी ओरडलं, "ओ भाभी, पार्टी है क्या?"

मावशी हसत नव्हत्या. त्या पडद्याकडे बघतच नव्हत्या. काकांकडे बघत होत्या.

गाणं संपलं. काकांनी वळून विचारलं, "बराबर हाय?"

मावशी त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. "तुमाला हे गाणं कसं येतंय?" त्या सावकाश म्हणाल्या. "हे तं मी नवीन बसवलंय. तुमचे कान गेल्यावर. ऐकलं कदी तुमी?"

"ऐकलं कदी?" काकांना प्रश्नच विचित्र वाटला. "हलदीला पुढं बसतो ना मी. सगल्या हलदींना. तुझं तोंड बगतो. सगली गाणी येतात मला. फक्त चाल नाय येत."

मावशी माझ्याकडे वळल्या. पदर तोंडाला लावला होता, आणि त्यातूनच म्हणाल्या, "शलाका, इतकी वर्षं मला वाटत होतं गो, हे जेवणासाठी येतात."

मग मात्र त्या हसल्या, आणि हसताना रडल्या, आणि काकांना काय झालं ते कळेना म्हणून ते हेमंतला विचारू लागले की हिला व्हिडिओ आवडला नाही का.

व्हिडिओ वेळेत गेला. चार-पाच दिवसांनी स्पर्धेवाल्यांचा निरोप आला. व्हिडिओ निवडला होता आणि गटाला अंबरनाथला अंतिम फेरीला बोलावलं होतं. खाली परीक्षकांची एक ओळ होती, की गायन थेट आहे, याबद्दल शंका नाही. मावशींनी ती ओळ माझ्याकडून तीनदा वाचून घेतली आणि मग शेजारणींना वाचून दाखवायला लावली. ज्यांनी गेल्या वर्षी शेरा पसरवला होता, त्यांना तर घरी बोलावून.

अंबरनाथच्या सभागृहात मी स्वतः गेले. रिसीव्हर काढलाय की नाही ते बघितलं. राजूला रेकॉर्डर आधीच चालू करायला लावला आणि लाल दिवा लागलेला डोळ्यांनी बघितला. हेमंतने लेन्ससमोर टाळी मारली, आणि या वेळी मी बायकांना आधीच बजावलं होतं, की ही टाळी आपली नाही, ही धरायची नाही.

परीक्षक डावीकडे बसले होते. सगळे गट त्यांच्याकडे तोंड करून गात होते. मावशी स्टेजवर आल्या, परीक्षकांना हात जोडले, आणि मग सरळ उजवीकडे वळल्या. तिथे पहिल्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर, महिपतीकाका बसले होते. मावशींनी चेहरा त्यांच्याकडे केला, पदर कानामागे सारला, म्हणजे ओठ नीट दिसावेत, आणि पहिली टाळी दिली.

दुसरा नंबर आला. मावशी अजून म्हणतात पहिला द्यायला हवा होता.

दुसऱ्या दिवशी मी फाइली उघडल्या. कॅमेऱ्याची लाट होती, रेकॉर्डरची होती, हेमंतची सुई होती. कॉम्प्युटरने सगळं आपसूक जुळवलं, मी चहा ठेवला. पण रेकॉर्डिंगमध्ये मावशींच्या सुराखाली आणखी एक आवाज होता. जाड, एकसुरी, पहिल्या रांगेतून येणारा, प्रत्येक शब्दाला बरोबर.

"हे काकांचं काढायला लागेल," हेमंत म्हणाला. "गाणं खराब होतंय."

मी पट्टी मोठी करून बघितली. मावशींचा 'प' आणि काकांचा 'प' एका रेषेत उभे होते.

"राहू दे," मी म्हणाले, आणि चहा घेतला.